श्वासाचा शेवटचा घोट वरच्या मजल्यावरून येतो

“फुप्फुसाचा खालचा भाग आळसामुळे बंद पडतो, वयाचा त्याच्याशी काही संबंध नाही. रोज पहाटे उताणे झोपून श्वास शेवटच्या घोटापर्यंत बाहेर काढा, पोट आत ओढा आणि तसेच थांबा. खाली साचलेली सगळी घाण निघून जाते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची फुप्फुसेही ४० दिवसांत धुऊन निघतात. फुंकायच्या टेस्टमध्ये नॉर्मल आले तर धुराने तुमचे काही बिघडवलेले नाही असे समजा. २० जणांना पाठवा, पुण्य मिळेल.”

हा मेसेज मला तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो न वाचल्यासारखा सोडून दिला. चौथ्या वेळी मेसेज आला नाही, सकाळी सव्वासहाला मामींचा फोन आला. “अगं, हे उताणे पडून काहीतरी करतात आणि उठले की भेलकांडतात. ओठ बघ कसे झालेत, येऊन बघ.” मी सोलापुरातच एका लॅबमध्ये फुंकायच्या टेस्ट घेते, म्हणजे घरच्यांच्या हिशेबी अर्धी डॉक्टर. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला आणि अशोक चौक गाठला.

मामा ६७ वर्षांचे. चाळीस वर्षं मागावर काढली, शेवटी जॉबर होते. मामी घरी विड्या वळायच्या, त्यामुळे त्या घरात विडीची टंचाई कधी नव्हतीच. गेल्या वर्षी मामांनी रोजचं एक बंडल अर्ध्यावर आणलं होतं. या मेसेजनंतर ते पुन्हा पूर्ण झालं. कारण विचारलं तर म्हणाले, “रोज धुतोय ना आता.” हे ऐकलं आणि मग मी लिहायला बसले.

मी त्यांना पलंगावर टेकून बसवलं. ऑक्सिजन ९५. उताणं झोपवून पाच मिनिटं थांबले. ९३. मग म्हटलं, रोज करता ते करून दाखवा. त्यांनी श्वास पिळून पिळून बाहेर काढला, पोट पाठीला लावलं आणि थांबले. असं चार वेळा झाल्यावर आकडा ८८ वर आला. उठवून बसवलं, चार-पाच खोल श्वास घ्यायला लावले, मिनिटभरात परत ९५. एका माणसाचं एका सकाळचं माप आहे, आणि हे यंत्र एक-दोन अंकांनी इकडेतिकडे करतंच. शिवाय रिकाम्या छातीने श्वास रोखला तर ऑक्सिजन कोणाचाही उतरतो, कारण साठाच नसतो. तेव्हा ८८ चं सगळं खापर मी एकाच कारणावर फोडत नाही. पण नुसतं आडवं झाल्यावर ९५ चे ९३ झाले, तेव्हा मामांनी श्वास रोखलेला नव्हता. तिथून सुरुवात करते.

आधी जे खरं आहे ते नाइलाजाने देऊन टाकते. फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या बारीक नळ्या बंद पडतात, हे खरं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी अर्धं वाचलं असावं. पण त्या आळसाने बंद पडत नाहीत, आणि श्वास पिळून उघडत तर नाहीतच.

फुप्फुस बरगड्यांच्या आत लोंबतं. एखादी सैल स्प्रिंग वरच्या टोकाला धरून लोंबती सोडा. वरची वेटोळी ताणून फाकतात, खालची एकमेकांना चिकटून बसतात. फुप्फुसाचंही तसंच. उभ्या माणसाच्या छातीत, साधा श्वास सोडून झाल्यावर, फुप्फुसाभोवतीची ओढ वरच्या टोकाला साधारण दहा सेंटिमीटर पाण्याइतकी असते आणि तळाशी जेमतेम अडीच. म्हणून वरचे वायुकोश फुगलेले राहतात आणि खालचे लहान.

आता नळ्या. मोठ्या श्वासनलिकांना कूर्चेचे कडे असतात, त्या सहज मिटत नाहीत. एक मिलिमीटरहून बारीक फाट्यांना कडं नसतं. त्यांना उघडं ठेवतं ते भोवतालचं लवचिक जाळं, चारी बाजूंनी दोर ताणून मांडव उभा ठेवावा तसं. श्वास सोडत गेलं की फुप्फुस आकसतं आणि दोर सैल होतात. तळाशी ओढ मुळात कमी, त्यामुळे तिथले दोर आधी सैल पडतात. आणखी पिळलं तर तळाशी ओढीच्या जागी दाब येतो आणि बारीक फाटे मिटतात. त्यांच्या मागची हवा तिथेच अडकते.

मिटायला सुरुवात होते त्या क्षणापासून पूर्ण पिळून होईपर्यंत जेवढी हवा अजून बाहेर येते, तिला क्लोजिंग व्हॉल्यूम म्हणतात. हा आकडा जितका मोठा, तितक्या लवकर खालचे फाटे मिटायला लागले असं समजायचं. छाती पूर्ण भरून शेवटपर्यंत सोडली की जेवढी हवा बाहेर येते तो पूर्ण श्वास, आणि धडधाकट तरुणात हा आकडा त्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे अगदी शेवटी शेवटी. साधा श्वास घेताना तरुण माणूस त्या पातळीच्या जवळपासही जात नाही.

हे मोजतात कसं, ते सांगते, कारण मेसेजमधल्या दुसऱ्या वाक्याचा निकाल तिथेच लागतो. माणसाला बसवून श्वास पूर्ण सोडायला लावतात. मग एकच पूर्ण श्वास शुद्ध ऑक्सिजनचा घ्यायला लावतात आणि सावकाश सोडायला लावतात. बाहेर येणाऱ्या हवेतला नायट्रोजन यंत्र मोजत राहतं. पूर्ण सोडल्यावर फुप्फुसाच्या वरच्या भागात जुनी, नायट्रोजनची हवा बरीच उरलेली असते आणि खालच्या भागात थोडी. त्यामुळे घेतलेल्या ऑक्सिजनने खालची हवा जास्त पातळ होते, वरची कमी. सोडताना आधी थोडा वेळ निव्वळ ऑक्सिजन येतो, कारण तो मोठ्या नळ्यांतच राहिलेला असतो. मग नायट्रोजन चढतो आणि बराच वेळ जवळपास सपाट राहतो, कारण वरची-खालची हवा मिसळून येत असते. आणि शेवटी तो अचानक उसळी मारतो.

ही उसळी का? कारण त्या क्षणी खालचे फाटे मिटायला लागलेले असतात आणि येणारी हवा मुख्यतः वरच्या भागातून येते, जिथे नायट्रोजन जास्त आहे.

म्हणजे श्वासाचा शेवटचा घोट, जो काढण्यासाठी मामा पहाटे कण्हत होते, तो तळातून येत नाही. तो वरच्या मजल्यावरून येतो. तळाचं दार तेव्हा लागलेलं असतं. तुम्ही जितकं पिळाल तितकी ती दारं जास्त लागतील, आणि ‘खालची घाण’ निघणं सोडा, खालची हवासुद्धा निघत नाही.

शिवाय घाण ही काही हवेत तरंगत बसलेली नाही की फुंकरीने निघून जावी. धुराचे कण वायुकोशांतल्या भक्षक पेशींच्या पोटात असतात, नळ्यांच्या अस्तरात आणि कफात असतात. कफ वर येतो तो नळ्यांच्या आतल्या बारीक केसांनी ढकलल्यामुळे आणि खोकल्याने. आणि खोकण्याआधी प्रत्येक माणूस आपोआप आधी हवा आत ओढतो. रिकाम्या छातीने खोकून बघा, नुसता आवाज येईल.

आता ‘उताणे झोपून’. मेसेजमधले सगळ्यात घातक दोन शब्द हेच, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

साधा श्वास सोडून झाल्यावर छातीत जी हवा उरते, तिला मी इथे विसाव्याची पातळी म्हणते. माणूस आडवा झाला की पोटातला ऐवज डायफ्रॅमला वर ढकलतो आणि ही पातळी अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त खाली येते. नळ्या ज्या पातळीला मिटायला लागतात ती मात्र आडवं झाल्याने फारशी बदलत नाही. म्हणजे छत तिथेच राहिलं आणि जमीन खचली. फक्त ‘खालचा भाग’ आता पाठीकडचा होतो, कारण खाली म्हणजे जमिनीच्या बाजूला, पायाच्या बाजूला नव्हे.

मामांचाच हिशेब करू. त्यांचा क्लोजिंग व्हॉल्यूम मोजलेला नाही, आमच्या लॅबमध्ये ते यंत्र नाही, तेव्हा आकडे अंदाजाचे आहेत, पण त्यांच्या वयाच्या माणसाला शोभणारे. त्यांचा पूर्ण श्वास तीन लिटरच्या आसपास. कधीही न ओढलेल्या ६७ वर्षांच्या पुरुषात त्याचा साधारण चौथा भाग, म्हणजे ७५० मिलिलिटर, शिल्लक असताना तळाचे फाटे मिटायला लागतात. विडी धरून ९०० समजू. बसलेले असताना त्यांची विसाव्याची पातळीही पूर्ण पिळून सोडलेल्या शून्यापासून साधारण ९०० वर. म्हणजे बसून साधा श्वास सोडला की ते नेमके उंबरठ्यावर येतात. आडवे झाले की ही पातळी ४०० वर येते. त्यांचा साधा श्वास ५०० मिलिलिटरचा, म्हणजे ४०० ते ९०० एवढाच तो हलतो. सगळ्या नळ्या एकदम मिटत नाहीत, जमिनीलगतच्या आधी आणि बाकीच्या पुढे पुढे. पण ज्या जमिनीलगत आहेत त्या मामांच्या साध्या श्वासात जवळजवळ पूर्ण वेळ मिटलेल्याच राहू शकतात, कारण मिटलेली नळी उघडायला ती मिटताना होती त्याहून जास्त ओढ लागते. आणि रक्त तर वजनाने त्याच भागात जास्त जातं. हवा नाही, रक्त आहे. ते रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे निघून जातं. ९५ चे ९३ होण्याचं कारण हेच असणार.

आणि मेसेज त्यांना सांगतो की या ४०० वरून शून्यावर या आणि तिथेच थांबा!

वयाचा संबंध नाही म्हणे. यावर एकच संदर्भ देते, पण पक्का. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लेब्लाँ, रुफ आणि मिलिक-एमिली यांनी १९७० मध्ये नेमकं हेच मोजलं, वय आणि शरीराची स्थिती यांचा नळ्या मिटण्याशी संबंध. निरोगी माणसांत साध्या श्वासाच्या शेवटी नळ्या मिटायला सुरुवात होते ती बसलेल्या स्थितीत साधारण ६५ व्या वर्षी, आणि उताण्या स्थितीत ४४ व्या वर्षी. भूल देणारे डॉक्टर आजही ४४ हा आकडा पाठ करतात. त्यात आळशी आणि कामसू असा भेद नाही. वयाबरोबर फुप्फुसाचं लवचिक जाळं सैल होत जातं, मांडवाचे दोर जुने होतात, म्हणून तेच फाटे आता आधीच, म्हणजे छातीत जास्त हवा असतानाच, मिटतात. विसाव्याची पातळी वयाबरोबर फार हलत नाही. एक रेषा वर चढत राहते, दुसरी जागच्या जागी, आणि कधीतरी त्या भेटतात.

हे वाचून पंचेचाळिशीतल्या कोणी उभ्याने झोपायला लागू नये. मिटणं थोड्या भागापुरतं असतं आणि अधूनमधून येणारा खोल श्वास किंवा उसासा त्या नळ्या पुन्हा उघडतो. निरोगी माणसाला याची किंमत पडते, पण बेताची. उताण्या माणसाच्या धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब काढायचं एक जुनं सूत्र आहे, १०९ मधून वयाची ०.४३ पट वजा करायची. पंचविशीत ९८ येतो, मामांच्या वयाला ८०. दाब ८० असला तरी रक्तातला ऑक्सिजन अजून ९५ टक्क्यांच्या आसपास टिकतो. पुढे मात्र उतार लागतो. विडी, मोठं पोट, छातीत साचलेला कफ, पोटाचं ऑपरेशन, यातलं काही जोडीला आलं की मग आडवं होणं जाणवायला लागतं.

ऑपरेशनवरून आठवलं. मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. त्यांनी घरी आणून त्यात दोन महिने फुंकलं. अर्ध्या सोलापूरने त्यात फुंकलंय. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या आणि तशाच धरायच्या, बसून. ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट पेशंटला उठवून बसवतात ते याचसाठी, विसाव्याची पातळी मिटण्याच्या रेषेच्या वर न्यायला. मेसेजमधला व्यायाम याच्या अगदी उलटा आहे. स्थिती उलटी, दिशाही उलटी.

आता धूर. धूर या बारीक फाट्यांवर दोन बाजूंनी येतो. आतून सूज आणि चिकट कफ, त्यामुळे नळी आधीच अरुंद. बाहेरून भोवतालच्या वायुकोशांच्या भिंती झिजतात, म्हणजे मांडवाचे दोरच तुटतात. वयाने दोर नुसते सैल होतात, धूर ते कापतो. म्हणून ओढणाऱ्याचा क्लोजिंग व्हॉल्यूम त्याच्या वयाच्या न ओढणाऱ्यापेक्षा वाढलेला सापडतो, तोही अशा वेळी, जेव्हा त्याला धाप लागत नसते आणि फुंकायच्या टेस्टमध्ये काही दिसत नसतं.

यात फुंकायच्या टेस्टचा मुद्दाही निघाला. मी रोज ही टेस्ट घेते, तेव्हा तिची बाजू घ्यायला हवी, पण तिला जे दिसत नाही ते दिसत नाही. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली हा तिचा मुख्य आकडा, आणि तो प्रामुख्याने मोठ्या नळ्यांवर ठरतो. दोन मिलिमीटरहून बारीक नळ्या संख्येने इतक्या आहेत की एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा थोडाच भरतो. त्यातल्या कितीतरी बिघडल्या तरी आकडा नॉर्मल राहतो. अमेरिकेतल्या जेरे मीड यांनी याला फुप्फुसाचा मुका प्रदेश म्हटलं होतं. मामांचा रिपोर्ट नॉर्मल आहे. तो मीच काढला आहे, आणि ते तो फ्रेम करून ठेवल्यासारखे दाखवत फिरतात.

म्हणून कोणी लगेच क्लोजिंग व्हॉल्यूमची टेस्ट कुठे होते विचारत येऊ नका. १९७० च्या दशकात डॉक्टरांना फार आशा होती की ओढणाऱ्यांचं दुखणं या टेस्टने लवकर पकडता येईल. टेस्ट बिघाड पकडायची, पण बिघाड दिसलेल्या कितीतरी जणांना पुढे मोठा आजार झाला नाही. कोणाला होणार हे ती नेमकं सांगू शकली नाही, म्हणून नेहमीच्या वापरातून गेली. नळ्या मिटण्याची गोष्ट मात्र जिथल्या तिथे आहे.

आणि चाळीस दिवसांत धुऊन निघणं. इथे मला पुन्हा अर्धी कबुली द्यावी लागते. विडी पूर्ण सोडली तर बारीक नळ्यांची सूज आणि कफ उतरतो आणि वाढलेला क्लोजिंग व्हॉल्यूम काही प्रमाणात खाली येतो, हे ओढणं सोडलेल्या माणसांत मोजून दाखवलेलं आहे. पण ते महिन्यांच्या हिशेबात, सहा-आठ महिने धरा. आणि सोडली तरच. झिजलेल्या भिंती परत उभ्या राहत नाहीत, तुटलेला दोर तुटलेलाच. व्यायामाचा यात काही हात नाही. मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे अर्धं बंडल केलं तर अर्धं उतरेल का?” मी म्हटलं, तुम्ही मागावर अर्धे धागे तुटलेले ठेवून चादर काढली होती का कधी? मामी आतून हसल्या.

सध्या ते डोक्याकडून दोन उशा घेऊन झोपतात, सकाळी बसून ते तीन गोळ्यांचं यंत्र ओढतात, आणि दुसरी गोळी अजून पूर्ण वर जात नाही. विडी दिवसाला पाचावर आली आहे, असं ते म्हणतात. मामी सात म्हणतात.

राहिला शेवटचा मुद्दा, वीस जणांचा. मामांनी खरंच वीस जणांना पाठवला होता. त्यांच्या फोनवरून मी ती नावं काढली आहेत. त्यातले अकरा जण साठीच्या पुढचे, चौघं तर त्यांच्याच माग खात्यातले विडीवाले. हे लिहिलेलं आज संध्याकाळी मामांच्याच हाताने त्या वीस जणांना जाणार आहे.